सुमनताई सहा दिवसांनी गेली की सहा दिवस आधी?

(आपल्या तिमाही सभेत अभ्यासवर्गाच्या शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात आत्ता एक चार पानी सरावपत्रिका आहे. आपल्या देणगीतून जे छपाईचे काम झाले, त्यातलीच ही एक. मागच्या सभेत एका ज्येष्ठ बंधूंनी मला विचारले होते, "सर, बाजारात शंभर गाइडं मिळतात. ती घेऊन द्यायची सोडून तुम्ही वेगळे कागद का छापता?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर आपल्याला थोडे गणित करावे लागेल. घाबरू नका, पाढे तीसपर्यंत आले तरी पुरेत.

आपल्या वर्गात भामरागड, एटापल्ली, धानोरा या बाजूची मुले-मुली येतात, तशीच जिवती आणि राजुऱ्याकडचीही येतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस शिपाई भरती असते, काहींच्या वनरक्षक किंवा तलाठी. पोलीस भरतीचा लेखी पेपर शंभर प्रश्नांचा असतो आणि वेळ नव्वद मिनिटे. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण हे सगळे त्या एकाच पेपरात. नव्वद मिनिटांचे सेकंद होतात 5400, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. त्यातच वाचायचे, विचार करायचा, कच्चे काम करायचे आणि गोळा रंगवायचा. म्हणून गाइडवाले शॉर्टकट देतात आणि मुले ते पाठ करतात. माझा शॉर्टकटला विरोध नाही. 54 सेकंदांत शाळेतल्या पद्धतीने सगळ्या पायऱ्या मांडत बसलो तर पेपर अर्धाच राहील. अडचण दुसरीकडे आहे. प्रत्येक शॉर्टकटच्या मागे एक अट असते आणि गाइडात सूत्र चौकटीत छापतात, अट छापत नाहीत.

पत्रिकेतला पहिला प्रश्न बघा. सुमनताई एका शेताची रोवणी एकटीने 15 दिवसांत करते, कमलताई तीच रोवणी 30 दिवसांत करते. दोघी मिळून किती दिवसांत करतील?

आम्ही मुलांना आधी लसावि काढायला लावतो. 15 आणि 30 चा लसावि 30. म्हणजे त्या शेताच्या सारख्या आकाराच्या 30 बांध्या आहेत असे समजायचे. सुमनताई 15 दिवसांत 30 बांध्या रोवते, म्हणजे रोज 2. कमलताई 30 दिवसांत 30, म्हणजे रोज 1. दोघी मिळून रोज 3 बांध्या. 30 बांध्यांना 10 दिवस. यात अपूर्णांक कुठेच आला नाही आणि बांधी म्हणजे काय ते आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वर्गातली निम्मी बाके रिकामी असतात, कारण मुले बांधीतच असतात.

गाइडातला शॉर्टकट असा: दोन संख्यांचा गुणाकार करा आणि त्याला बेरजेने भागा. 15 गुणिले 30 म्हणजे 450, बेरीज 45, भागाकार 10. उत्तर तेच आणि वेळ दहा सेकंद. छान आहे. मी स्वतः मुलांकडून हे तोंडपाठ करून घेतो.

आता दुसरा आणि तिसरा प्रश्न शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्यात म्हटले आहे की दोघींनी मिळून काम सुरू केले आणि 6 दिवसांनंतर सुमनताई निघून गेली. तिसऱ्यात म्हटले आहे की दोघींनी मिळून काम सुरू केले, पण काम संपण्याच्या 6 दिवस आधी सुमनताई निघून गेली. दोन्हीत विचारले आहे, एकूण काम किती दिवसांत पूर्ण झाले? आकडे तेच, माणसे तीच, वाक्यही जवळजवळ तेच.

दुसरा प्रश्न सोडवू. पहिले 6 दिवस रोज 3 प्रमाणे 18 बांध्या झाल्या. उरल्या 12. त्या कमलताईने एकटीने रोज एक अशा रोवल्या, म्हणून आणखी 12 दिवस. एकूण 18 दिवस.

तिसऱ्यात शेवटचे 6 दिवस कमलताई एकटी आहे. म्हणजे शेवटच्या 6 बांध्या तिच्या एकटीच्या. त्याआधी राहिल्या 24, त्या दोघींनी मिळून रोज 3 प्रमाणे 8 दिवसांत केल्या. 8 आणि 6 मिळून 14 दिवस.

म्हणजे तीन प्रश्नांची तीन उत्तरे आली: 10, 18 आणि 14. पेपर काढणारा हुशार असतो. तो चार पर्यायांत हे तिन्ही आकडे ठेवतो. ज्याने फक्त गुणाकार-भागिले-बेरीज पाठ केले, त्याला 10 हा आकडा पर्यायात दिसतो आणि तो निश्चिंत होऊन गोळा रंगवतो. उत्तर पर्यायात नसते तर निदान शंका तरी आली असती. त्या शॉर्टकटची अट अशी, की दोघांनीही पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काम केले पाहिजे आणि काम पूर्ण एक असले पाहिजे. कोणी मध्येच आले, गेले, किंवा अर्धेच काम विचारले, की सूत्र तसेच्या तसे चालत नाही.

इथे मला एटापल्ली तालुक्यातल्या एका मुलीविषयी सांगायचे आहे. नाव सांगत नाही. तिची आकडेमोड वर्गात सगळ्यांत चांगली. तरी या जोडीतल्या दोन्ही प्रश्नांना ती 18 हेच उत्तर लिहायची. मी तिला तिसरा प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितला. तिने तो बरोबर वाचला. मग म्हटले, "बाई, हाच तुझ्या भाषेत सांग." तिची घरची भाषा माडिया. ती सांगू लागली आणि मध्येच थांबली. "सर, सहा दिवस कुठून मोजायचे? सुरुवातीपासून की शेवटापासून?" सगळी गोम तिथे होती. "नंतर" आणि "आधी" हे शब्द तिला येत होते, पण परीक्षेच्या घाईत डोळा फक्त "6 दिवस" आणि "निघून गेली" एवढेच उचलत होता. शहरातल्या मुलांचेही असे होते. पण ज्याला मराठी ही शाळेत मिळालेली दुसरी भाषा आहे, त्याचे जास्त होते.

तेव्हापासून आम्ही अशा प्रश्नाला आधी एक आडवी रेघ मारायला लावतो. डावे टोक म्हणजे काम सुरू झाले तो दिवस, उजवे टोक म्हणजे काम संपले तो दिवस. मग 6 दिवसांचा तुकडा डाव्या टोकाला चिकटवायचा की उजव्या, एवढे ठरवायचे. रेघेला पाच सेकंद लागतात. पत्रिकेच्या दुसऱ्या पानावर दिसणाऱ्या मोकळ्या रेघा त्यासाठीच आहेत. ती छपाईची चूक नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण छापखान्यानेही मला तसे विचारले होते.

आता पाचव्या प्रश्नाकडे या. सुमनताई 15, कमलताई 30, आणि आता आली तिसरी, शांताताई, जी तेच काम 10 दिवसांत करते. तिघी मिळून किती दिवस? इथे मुले स्वतःच शॉर्टकट ताणतात. दोघांना गुणाकार भागिले बेरीज, तर तिघांना तिघांचा गुणाकार भागिले तिघांची बेरीज. 15 गुणिले 30 गुणिले 10 म्हणजे 4500, बेरीज 55, उत्तर जवळपास 82 दिवस. कमलताई एकटी जे काम 30 दिवसांत करते, ते तिघी मिळून 82 दिवसांत! शेतमालक दुसऱ्या दिवशी तिघींनाही घरी पाठवील.

खरे उत्तर बांध्यांच्या हिशोबाने चटकन निघते. रोज 2 आणि 1 आणि 3, म्हणजे 6 बांध्या. 30 बांध्यांना 5 दिवस. शॉर्टकटच वापरायचा असेल तर दोन टप्प्यांत वापरावा. पहिल्या दोघींचे 10 दिवस आले होते. आता ती जोडी म्हणजे एकच कामकरीण समजा, तिचे 10 आणि शांताताईचे 10. गुणाकार 100, बेरीज 20, उत्तर 5.

याच प्रश्नावरून पत्रिकेतला एक रकाना आला. प्रत्येक प्रश्नासमोर उत्तर काढण्याआधी लिहायचे की उत्तर कितीपेक्षा कमी आणि कितीपेक्षा जास्त असायला हवे. सगळे मिळून काम करत असतील तर उत्तर सर्वांत चपळ माणसाच्या दिवसांपेक्षा कमीच येणार, म्हणजे इथे 10 पेक्षा कमी. सुमनताई मध्येच गेली त्या प्रश्नात उत्तर 10 आणि 30 च्या मध्ये यायला हवे, कारण दोघी पूर्णवेळ असत्या तर 10 आणि कमलताई एकटी असती तर 30. हे लिहायला आकडेमोड लागत नाही. पोलीस शिपाई भरतीत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे वेळ संपत आला आणि चारपैकी दोन पर्याय या रकान्याने बाद झाले तर उरलेल्या दोनांतला एक निवडायला हरकत नाही. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत मात्र गुण कापतात. तिथे हा खेळ जपून.

ही गणिते इंग्रजांच्या शाळांबरोबर आली असे पुष्कळांना वाटते, म्हणून थोडे विषयांतर करतो. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या लीलावतीत असाच प्रश्न आहे. चार झरे एक हौद भरतात. पहिला एका दिवसात, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा दिवसाच्या तिसऱ्या हिश्शात आणि चौथा सहाव्या हिश्शात. चौघेही एकदम सोडले तर हौद कधी भरेल? एका दिवसात ते अनुक्रमे 1, 2, 3 आणि 6 हौद भरतात, म्हणजे एकूण 12. तेव्हा दिवसाच्या बाराव्या हिश्शात हौद भरतो. त्याच ग्रंथात वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र वितळवण्याचीही गणिते आहेत, म्हणजे आपली मिश्रणाचीच. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटणे इथे मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे. आठशे-नऊशे वर्षे महाराष्ट्रात हे गणित शिकवले जाते आहे, तर आपल्या भामरागडच्या मुलाला ते यायला अडचण नसावी.

माणसे आणि दिवस यांच्या प्रश्नांवर मी फार थांबत नाही. 12 माणसे एक बोडी 6 दिवसांत खोदतात, तर 9 माणसे किती दिवसांत? 12 गुणिले 6 म्हणजे 72 दिवसांची मजुरी, भागिले 9, उत्तर 8. सरळ आहे. पण वर्गात एका पोराने विचारले, "सर, 72 माणसे लावली तर एका दिवसात होईल का? ती उभी कुठे राहतील?" तो रोजगार हमीच्या कामावर जाऊन आलेला होता. त्याला सांगावे लागले, की पेपरातल्या बोडीत जागा कमी पडत नाही, माती ओली होत नाही आणि सगळी माणसे सारखीच काम करतात. पेपरात उत्तर एक दिवस हेच लिहायचे.

जुन्या प्रश्नसंचांतला आणखी एक नमुना मात्र मला खटकतो. 3 पुरुषांचे काम 5 स्त्रिया करतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. आमच्याकडे रोवणीच्या बांधीत बायकांच्या ओळीबरोबर टिकणारा पुरुष मला दाखवा. मी पत्रिकेत ते प्रश्न ठेवले आहेत, कारण परीक्षेत येतात. पण दोन प्रश्नांत प्रमाण उलटे केले आहे. उलटे केलेले प्रश्न मुलींनी आधी सोडवले, हे सांगायला नको.

आता मिश्रण. इथला शॉर्टकट फुलीचा. 30 रुपये किलोचा तांदूळ आणि 45 रुपये किलोचा तांदूळ कोणत्या प्रमाणात मिसळावा, म्हणजे मिश्रण 40 रुपये किलो पडेल? वर डावीकडे 30, उजवीकडे 45, मध्ये 40 लिहा आणि तिरकी वजाबाकी करा. 45 वजा 40 म्हणजे 5, तो 30 च्या खाली. 40 वजा 30 म्हणजे 10, तो 45 च्या खाली. प्रमाण 5 ला 10, म्हणजे 1 ला 2. पडताळून पाहू: स्वस्त एक किलो 30 रुपयांचा, महाग दोन किलो 90 चे, तीन किलोंचे 120, किलोला 40. जमले.

ही फुली कधी फसते? प्रश्न असा आला, की तेच दोन तांदूळ मिसळून दुकानदाराने मिश्रण 44 रुपये किलोने विकले आणि त्याला 10 टक्के नफा झाला. मुले मध्ये 44 लिहितात. मग 45 वजा 44 म्हणजे 1 आणि 44 वजा 30 म्हणजे 14, उत्तर 1 ला 14. पण 30 आणि 45 ही खरेदीची किंमत आहे आणि 44 ही विक्रीची. फुलीत तिन्ही आकडे एकाच जातीचे हवेत. 10 टक्के नफा धरून 44 म्हणजे खरेदी 40 ची, कारण 40 वर 10 टक्के म्हणजे 4. मध्ये 40 लिहायचे आणि उत्तर पुन्हा 1 ला 2. ज्याने 1 ला 14 काढले, त्याने एकदा थांबून बघावे: पंधरा किलोंत स्वस्त तांदूळ फक्त एक किलो, मग त्या दुकानदाराला मिसळण्याचा खटाटोप तरी कशाला हवा होता?

शेवटचा प्रश्न मोहफुलांचा आहे आणि पत्रिकेत तो मला सर्वांत जवळचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून फुले वेचायची, अंगणात वाळत घालायची आणि मग विकायची, हे आपल्या मुलांनी लहानपणापासून केले आहे. प्रश्न असा: ओल्या मोहात 80 टक्के पाणी आहे आणि वाळलेल्या मोहात 20 टक्के. 40 किलो ओला मोह वाळवला तर वाळलेला किती किलो मिळेल? टक्क्यांचे आकडे गणितापुरते धरलेले आहेत.

बहुतेक मुले म्हणतात, 80 चे 20 झाले, म्हणजे 60 टक्के पाणी उडाले. 40 चे 60 टक्के म्हणजे 24 किलो. उरले 16 किलो. ऐकायला अगदी बरोबर वाटते आणि 16 हा पर्यायात असतोच. पण तपासून बघू. 40 किलोंत 80 टक्के पाणी म्हणजे 32 किलो पाणी आणि 8 किलो गर. गर काही उडून जात नाही, तो 8 किलोच राहतो. आता 16 किलो वाळलेल्या मोहात 8 किलो गर असेल तर उरलेले 8 किलो पाणी, म्हणजे 50 टक्के. अर्धे पाणी असलेला मोह वाळलेला कसा? गोणीत भरला तर बुरशी धरेल.

चूक अशी आहे, की पहिले 80 टक्के 40 किलोंवरचे आहेत आणि नंतरचे 20 टक्के वाळलेल्या, कमी वजनाच्या मोहावरचे. दोन वेगवेगळ्या वजनांवरचे टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत. म्हणून जे बदलत नाही ते धरायचे. गर 8 किलो. वाळलेल्या मोहात पाणी 20 टक्के, म्हणजे गर 80 टक्के. 8 किलो हे ज्याचे 80 टक्के, ते वजन 10 किलो. उत्तर 10.

दुधात पाणी घालण्याच्या प्रश्नांतही हेच करतो. नुसते पाणी घातले तर दूध बदलत नाही, म्हणून दूध धरायचे. मिश्रणच काढून घेतले आणि तेवढे पाणी घातले तर मात्र दोन्ही बदलतात आणि त्याची पद्धत वेगळी. ती पुढच्या पत्रिकेत घेतली आहे.

वर्गात हा मोहाचा प्रश्न पहिल्यांदा दिला तेव्हा 16 किलो म्हणणाऱ्यांचीच संख्या जास्त होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "एवढा कुठे उरतो, सर?" त्याने काही सोडवले नव्हते. त्याच्या आजीबरोबर तो दरवर्षी फुले वाळवतो, एवढेच. मी त्याला फळ्यापाशी बोलावले आणि गराचा 8 हा आकडा लिहायला दिला. पुढचे त्याने स्वतः केले.

सध्या आम्ही पहिले तीन आठवडे घड्याळ लावतच नाही. मुलांनी फक्त दोन रकाने भरायचे: शॉर्टकटची अट पुरी होते का, आणि उत्तर कितीपासून कितीपर्यंत. चौथ्या आठवड्यापासून घड्याळ टेबलावर येते, आधी प्रश्नाला दीड मिनिट, मग 54 सेकंद. आपल्या हातातल्या पत्रिकेच्या चौथ्या पानावर दहा प्रश्न आहेत आणि त्यांतल्या चारांत शॉर्टकट लावला तर उत्तर चुकते. कोणते चार ते छापलेले नाही. चहाला दहा मिनिटे आहेत, बघा प्रयत्न करून.